लग्नाच्या जुन्या अल्बममधली माणसं कशी ओळखायची?

प्रश्न: आई-बाबांच्या लग्नाचा १९७१ चा अल्बम सापडला. निम्मे चेहरे ओळखू येत नाहीत. आजी, एक आत्या आणि आईचे मामा आहेत, त्यांना विचारून नावांचा तक्ता करायचाय. पण आजी फोटो पाहिला की गोष्टीच सांगत बसते, नाव काही येत नाही. काय करू?

उत्तर: आजीला सांगू द्या, नावं त्या गोष्टींतूनच निघतात. "हे कोण?" असं थेट विचारलं की म्हातारी माणसं बिचकतात आणि सुचेल ते नाव सांगून मोकळी होतात. त्यापेक्षा "इथे काय चाललंय?" असं विचारा. लग्नातला प्रत्येक विधी कोणी करायचा ते बऱ्यापैकी ठरलेलं असतं, त्यामुळे विधी कळला की माणूस अर्धा ओळखलाच.

आधी थोडी तयारी करा. चिकट पानांचा, वर प्लास्टिकचा पडदा असलेला अल्बम असेल तर फोटो ओढून काढू नका, फाटतात. पान तसंच ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाइलने फोटो घ्या. सातव्या पानावरचा दुसरा फोटो म्हणजे ७-२, असे क्रमांक द्या. गर्दीचे फोटो ए-फोर कागदावर मोठे छापून प्रत्येक डोक्यावर आकडा लिहा. मोबाइलवर दाखवू नका. आजींचं बोट लागलं की फोटो सरकतो आणि मग त्यांचं लक्षच उडतं.

आता विधी. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा. नवऱ्याचा कान पिळणारा नवरीचा भाऊ, लाजाहोमात लाह्या देणाराही बहुतेक तोच. हातात करा घेतलेली ती करवली. सूनमुखाच्या आरशाजवळ सासू. झाल ज्यांच्या डोक्यावर ठेवतात ती सगळी नवऱ्याकडची. मात्र सख्खा भाऊ नसेल तर चुलत किंवा मामेभाऊ उभा राहतो, आणि रीत घराघरांत बदलते. म्हणून "आपल्याकडे हे कोण करायचं?" हा प्रश्न आजींना आधी विचारून घ्या.

आमच्याकडच्या १९६६ च्या अल्बममधलं उदाहरण सांगतो. कन्यादानाला बसलेलं जोडपं नवरीचे आईवडील, असं सगळे धरून चालले होते. मावशीला "कन्यादान कोणी केलं?" विचारल्यावर ती पटकन म्हणाली, "थोरल्या काकांनी. दादा तेव्हा गेले होते ना." वडील हयात नव्हते आणि विधवा आईने कन्यादानाला बसायचं नाही अशी तेव्हाची रीत, म्हणून काका-काकू बसले. मग नवरीची आई कुठे? विधींच्या एकाही फोटोत नाही. शेवटी पंगतीच्या फोटोत, मागे दाराशी, डोक्यावरून पदर घेतलेली सापडली. मामांना काही न सांगता तोच फोटो दाखवला, त्यांनीही तिच्यावरच बोट ठेवलं. तुमच्या अल्बममध्येही अशा बायका विधींच्या फोटोंत नसतील. पंगत, स्वयंपाकघर, दारं, कडेचे कोपरे भिंग घेऊन बघा.

तक्त्यात सगळ्यात जास्त घोळ नात्यांचा होतो. आजींची जाऊ ती बाबांची काकू आणि तुमची चुलत आजी. तिघांनी तीन शब्द वापरले की एकीच्या तीन बाया होतात. म्हणून नातं एकाच माणसापासून मोजा. नवरीकडच्यांचं नवरीपासून, नवऱ्याकडच्यांचं नवऱ्यापासून. बायकांसाठी माहेरचं नाव, सासरचं नाव आणि हाकेचं नाव असे तीन वेगळे रकाने ठेवा. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरची माणसं तिला एका नावाने आठवतात, सासरची दुसऱ्याच. माई, अक्का, बाळ, अण्णा ही तर एकेका घरात दोन-दोन असतात, तेव्हा "कोणाची माई?" हे विचाराच. आतेभावाशी लग्न झालेली मामेबहीण असेल तर ती दोन्ही बाजूंना लिहावी लागेल. दोन्हीकडे लिहा, पण क्रमांक एकच द्या.

आजी, आत्या आणि मामा यांना आधी वेगवेगळं विचारा, एकत्र नंतर बसवा. एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव टिकतं. प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहा. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहून ठेवा, लगेच निकाल लावू नका. घरात आहेराची वही असेल तर ती काढा. तीत नाव आणि बऱ्याचदा गावही असतं, त्यामुळे कोणतं घर लग्नाला आलं होतं ते कळतं. पत्रिकेवरच्या निमंत्रकांची नावंही जुळवून बघा. पण आहेर पाठवला म्हणजे माणूस आलाच होता असं धरू नका.

काही चेहरे राहतीलच. शेजारी, कचेरीतली माणसं, आचारीसुद्धा फोटोत येतात. तिथे "नवऱ्याकडचा, झालीच्या फोटोत" एवढंच लिहा, अंदाजाने नाव घालू नका. आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचेच असतील तर सगळ्यात शेवटी टाका. तिथे पहिल्याने एक नाव लिहिलं की बाकीचे दहा जण "हो हो, तेच" म्हणतात, आणि ते दहा जण म्हणजे दहा साक्षी नव्हेत.