पीएचडीसाठी मार्गदर्शकांना पहिला ईमेल: विषय चार ओळींत कसा सांगायचा?

प्रश्न: मी इतिहासात एमए केलं आहे, नेट झालं आहे पण जेआरएफ नाही. पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधते आहे. सात-आठ जणांना ईमेल केले, कोणाचंच उत्तर नाही. पहिल्या ईमेलमध्ये नेमकं काय लिहायचं आणि विषय चार ओळींत कसा सांगायचा?

उत्तर: मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि मार्गदर्शक म्हणून मलाही असे ईमेल येतात. दोन वर्षांपूर्वी माझी एमएची एक विद्यार्थिनी असाच अनुत्तरित ईमेल घेऊन माझ्याकडे आली होती. तिचा विषय माझ्या अभ्यासातला नसल्यामुळे तिला दुसऱ्या मार्गदर्शकांकडेच जायचं होतं. आम्ही दोघींनी बसून तो ईमेल नव्याने लिहिला. तिच्या परवानगीने तोच इथे सांगते.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. कधी कधी उत्तर न येण्याचं कारण ईमेलमध्ये नसतंच. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. विद्यापीठं प्रवेशाच्या वेळी मार्गदर्शकांची आणि रिकाम्या जागांची यादी लावतात. ती आधी पाहा. जागाच नसलेल्या सरांना किंवा मॅडमना लिहिलेला उत्तम ईमेलही वाया जातो.

आता त्या मुलीचा पहिला ईमेल. विषयाच्या ओळीत होतं ‘पीएचडी मार्गदर्शनाबाबत विनंती’. मग शाळेपासूनचे टक्के, संशोधनाची आवड आणि शेवटी एकच वाक्य: ‘मला गिरणगावातील स्त्रियांचे योगदान: एक चिकित्सक अभ्यास या विषयावर संशोधन करायचे आहे.’ चार मार्गदर्शकांना तोच मजकूर गेला होता, फक्त नावं बदलून.

मी तिला म्हटलं, यातलं गिरणगाव काढ आणि सोलापूर घाल. सोलापुरातही गिरण्या होत्या. वाक्य तसंच्या तसं उभं राहिलं. मग स्त्रियांच्या जागी तरुण घातले, तरी काही बिघडलं नाही. शब्द बदलूनही वाक्य टिकत असेल तर त्यात प्रश्न अजून आलेलाच नाही, फक्त क्षेत्र आलं आहे. ‘योगदान’ आणि ‘चिकित्सक अभ्यास’ हे शब्द आपल्याकडे शेकडो प्रबंधांच्या शीर्षकांत आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून सरळ घसरते.

मग मी विचारलं, तुला हा विषय सुचला कुठून? ती म्हणाली, ‘आजीची लालबागला खानावळ होती. तिच्या हिशोबाच्या तीन वह्या घरी आहेत.’ हे ईमेलमध्ये कुठेच नव्हतं! घरातली गोष्ट संशोधनात सांगायची नसते असं तिला वाटत होतं. वास्तविक तीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू होती, कारण तो दुसऱ्या कोणाकडे नसलेला दस्तऐवज होता.

आम्ही विषय अरुंद करत गेलो. खानावळीत जेवणारा कामगार महिनाभर उधारीवर जेवायचा, पगार झाला की खाडे वजा करून पैसे द्यायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पगाराचा दिवसच नाहीसा झाला. मग जेवणाचं काय झालं? बाईने ताट बंद केलं, की वाढत राहिली? वाढत राहिली असेल तर तिला तांदूळ-पीठ कोणी दिलं? इथे पहिल्यांदा खरा प्रश्न दिसला, कारण त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं दोन्ही येऊ शकतं.

तिच्या ईमेलचा दुसरा मसुदा असा झाला. ओळखीच्या खुणा काढल्या आहेत.

> विषय: पीएचडी मार्गदर्शनाची विचारणा: १९८२ चा गिरणी संप आणि खानावळींची उधारी
>
> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार.
>
> मी इतिहासात एमए केले असून या वर्षीच्या नेटमध्ये पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरले आहे. विद्यापीठाच्या यादीत आपल्याकडे एक जागा रिकामी दिसली, म्हणून लिहीत आहे.
>
> लालबाग-परळच्या खानावळवाल्या स्त्रिया गिरणी कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि पगाराला पैसे घेत. १९८२ च्या संपात पगार थांबल्यावर ही उधारी किती काळ चालली आणि अखेर कोणाच्या अंगावर पडली, हे मला शोधायचे आहे. माझा अंदाज असा की जिला वाण्याकडे उधार मिळत होते तिची खानावळ टिकली, आणि जिला रोख द्यावे लागे तिची लवकर बंद पडली. माझ्याकडे आजीच्या खानावळीच्या १९८० ते १९८३ च्या तीन वह्या आहेत. त्या एकाच घरच्या असल्याने त्यांवरून सगळ्या गिरणगावाबद्दल बोलता येणार नाही. म्हणून हा व्यवसाय केलेल्या पंधरा-वीस स्त्रियांच्या मुलाखती घेण्याचा विचार आहे.
>
> घरकामगार स्त्रियांवरच्या आपल्या लेखात मुलाखतीतल्या तारखा रेशनकार्डावरून पडताळल्या आहेत. वह्यांचा उपयोग तसा करता येईल का, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न आहे.
>
> या विषयावर मार्गदर्शन करण्याचा विचार कराल का? आपली हरकत नसेल तर पंधरा मिनिटे भेटायला येईन. सोबत एका पानाचा परिचय आणि वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत.

संशोधनाची कल्पना सांगणारा मधला परिच्छेद सहा वाक्यांचा आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य वेगळं काम करतं. पहिलं परिस्थिती सांगतं. विषयाबाहेरच्या माणसालाही ते कळायला हवं. दुसऱ्यात प्रश्न आहे. तिसऱ्यात अंदाज आहे, आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात. अंदाज चुकला तर हसं होईल अशी भीती वाटते. पण अंदाज लिहिल्याशिवाय तुम्ही नेमकं काय शोधणार आणि काय सापडलं तर तुमचं म्हणणं खोटं ठरेल, हे मार्गदर्शकांना कळत नाही. इथे रोखीवर माल घेणारी खानावळ शेवटपर्यंत टिकलेली सापडली तर अंदाज डळमळतो. असं डळमळता येणं चांगलंच आहे.

चौथ्या वाक्यात हातात असलेली साधनं आहेत आणि पाचव्यात त्यांची मर्यादा. मर्यादा स्वतःहून लिहायला ती तयार नव्हती. मला मात्र वाटतं की मार्गदर्शकांचा विश्वास त्याच वाक्यावर बसतो. तीन वह्या एका घरच्या आहेत हे त्यांना पहिल्या वाचनात दिसणारच. ते तुम्हालाही दिसलं आहे, एवढंच त्यांना कळायला हवं. मुलाखतींचीही अडचण आहे: १९८२ मध्ये तिशीत असलेल्या बायका आज सत्तरीपुढे आहेत आणि चाळीस वर्षांपूर्वीचे महिने आठवणीत सरकतात. ‘संपाच्या सुरुवातीला’ म्हणजे फेब्रुवारी की जून, हे आठवणीवर सोडता येत नाही. वह्यांत तारखा आहेत, म्हणून लेखाचा उल्लेख रेशनकार्डाच्या मुद्द्यावर नेला. ‘आपले लेखन वाचून प्रभावित झाले’ असं लिहिलं असतं तर लेख वाचला की नाही हे कळलं नसतं. लेखातली एक पद्धत उचलून तिच्याबद्दल प्रश्न विचारला की वाचल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

‘या विषयावर आजवर कोणीच काम केलेले नाही’ हे वाक्य आम्ही मुद्दाम टाळलं. गिरणगावावर भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि खानावळवाल्या स्त्रियांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, हेही माहितीतलं आहे. हे माहीत नसलेला विद्यार्थी ‘कोणीच नाही’ म्हणतो आणि तिथेच ईमेल बंद होतो. पाठवण्याआधी शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातले प्रबंध शोधता येतात. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्दांनी शोधा, कारण मराठी शीर्षकं रोमन लिपीत वेगवेगळ्या तऱ्हांनी नोंदलेली असतात. जवळचा प्रबंध सापडला तर घाबरू नका. ‘त्यात अमुक आहे, मला तमुक पाहायचं आहे’ एवढं एक वाक्य ईमेलमध्ये वाढवा.

नेटचं वाक्य वर घेतलं त्याचंही कारण आहे. २०२४ पासून जेआरएफ नसलेल्यांसाठी पीएचडी प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि ते गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात. मार्गदर्शकांना तुमची मुदत यावरून कळते. त्यांनी होकार दिला तरी प्रवेश समितीची मुलाखत द्यावीच लागते, म्हणून ‘मला आपली विद्यार्थिनी करून घ्या’ असं न लिहिता ‘विचार कराल का’ असं विचारलं. शाळा-कॉलेजचे टक्के परिचयाच्या पानावर जाऊ द्या.

एका ईमेलला एकच नाव ठेवा. सात-आठ जणांना एकदम पाठवलेला मजकूर ओळखू येतो, आणि एकाच विभागातले दोघे एकमेकांशी बोलतातही. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण एकदाच करा. परीक्षा आणि पेपर तपासणीच्या दिवसांत थोडं जास्त थांबा. फोन नंबर मिळाला म्हणून थेट फोन करू नका. निदान मला तरी आधी वाचायला मिळालेलं बरं वाटतं.

त्या मुलीला सहाव्या दिवशी उत्तर आलं. होकार नव्हता, प्रश्न होता: ‘संप सुरू झाल्यावर वहीतली नावं कमी होतात, की नावं तशीच राहून पैशांचा रकाना रिकामा राहतो?’ ती रात्रभर वही घेऊन बसली. नावं एप्रिलपर्यंत जवळजवळ सगळी होती, खाडेही रोज मांडलेले होते. पैशांचा रकाना फेब्रुवारीपासून कोरा होता. तिने त्या पानांचे फोटो पाठवले आणि मॅडमनी तिला पुढच्या सोमवारी भेटायला बोलावलं.