प्लंबरची इमर्जन्सी जाहिरात: १५ सेकंदांची स्क्रिप्ट

भाऊ कोथरूडला प्लंबर आहे, रात्री पाइप फुटल्यावर लोक मोबाईलवर शोधतात त्यांच्यासाठी छोटी जाहिरात कशी लिहू?

पहिल्या वाक्यातच पाणी बंद कसं करायचं ते सांग, कारण समोरचा माणूस घोट्याएवढ्या पाण्यात उभा असतो, त्याला "२० वर्षांचा अनुभव" वगैरे ऐकायला वेळ नसतो. मी असं लिहीन:

"पाइप फुटलाय? आधी बाथरूममधला मेन कॉक बंद करा, सापडत नसेल तर गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह. पाणी बोर्डापर्यंत आलं असेल तर हात लावू नका. आता आम्हाला फोन करा. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, रात्रीसुद्धा. व्हिजिट चार्ज फोनवरच सांगतो."

एवढंच, १५ सेकंदात आरामात बसतं. "अर्ध्या तासात हजर" असलं काही टाकू नकोस, पावसात एकदा जरी उशीर झाला तरी शिव्या आणि वाईट रिव्ह्यू ठरलेला. गुगलवर टाकणार असशील तर हेडलाइन ३० अक्षरांतच बसवावी लागते, म्हणून "पाइप फुटला? कोथरूड प्लंबर" पुरे, आणि फॉर्म नको, थेट कॉल बटण ठेव. भाऊ रात्री १ नंतर फोन उचलत नसेल तर जाहिरातीचं शेड्यूल तेवढ्यापुरतं बंद कर आणि स्क्रिप्टमधलं "रात्रीसुद्धा" बदलून "रात्री १ पर्यंत" कर, नाहीतर क्लिकचे पैसे जातात आणि माणूस पुढच्या प्लंबरला लावतो.