क्लॉक हळू केलं तरी होल्ड व्हायोलेशन का जात नाही?

प्रश्न: दोन फ्लिप-फ्लॉप, मध्ये लॉजिक, पिरियड १० ns. क्लॉक-टू-क्यू १ ते २ ns, लॉजिक ०.५ ते ६ ns, सेटअप १, होल्ड २. स्लॅक किती, आणि क्लॉक हळू केल्यास होल्ड सुटेल का?

सेटअप स्लॅक +१ ns, होल्ड स्लॅक −०.५ ns, आणि क्लॉक कितीही हळू केलं तरी होल्ड सुटणार नाही. सेटअपला सर्वांत लांबचा मार्ग धरा: २ + ६ + १ = ९ ns. म्हणजे १० मधून १ उरला आणि कमाल फ्रिक्वेन्सी १/९ ns, साधारण १११ MHz. होल्डला सर्वांत जवळचा मार्ग: १ + ०.५ = १.५ ns मध्येच नवा डेटा पोचतो, जुना मात्र २ ns टिकायला हवा. या हिशेबात पिरियड येतच नाही, कारण दोन्ही फ्लॉप एकाच एजवर बघतात. सीप्झमध्ये रोज टाइमिंग रिपोर्ट वाचताना हीच गल्लत नव्या मुलांची होताना दिसते. उपाय म्हणजे त्या छोट्या मार्गावरच किमान ०.५ ns चा बफर. लांब मार्गावर टाकलात तर सेटअपच्या १ ns स्लॅकमधून तेवढा खाल. हे सगळं स्क्यू शून्य धरून आहे. दुसऱ्या फ्लॉपला क्लॉक ०.३ ns उशिरा पोचलं, तर सेटअप +१.३ होईल, पण होल्ड −०.८ वर जाईल.