धुक्यातल्या फोटोवर लावलेला माणूस ‘चिकटवल्यासारखा’ का दिसतो?

*उन्हात काढलेला एका माणसाचा फोटो कापून धुक्यातल्या डोंगरवाटेच्या फोटोवर लावलाय. कडा स्वच्छ आहेत, पण ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट कितीही फिरवलं तरी तो वरून चिकटवल्यासारखाच दिसतो. फोटोशॉपमध्ये लेव्हल्स आणि कर्व्ह्जने हे नेमकं कसं जुळवायचं?*

तुमच्या माणसाचे केस काळे आहेत, आणि धुक्यात काळं असं काही उरतच नाही. वस्तू आणि कॅमेरा यांच्यामध्ये उजळ हवा असते, ती सावल्यांवर पांढुरकी साय धरते. गडबड इथे आहे, कडांमध्ये नाही.

आधी मोजून घ्या. आयड्रॉपरचा सॅम्पल साइज ‘5 by 5 Average’ ठेवा, नाहीतर एखाद्या नॉइजच्या पिक्सेलवर विश्वास ठेवून बसाल. मग कलर सॅम्पलर टूलने चार खुणा करा: माणसाच्या केसांतली सर्वांत गडद जागा, शर्टाचा सर्वांत उजळ भाग, आणि पार्श्वभूमीतल्या तशाच दोन जागा. पार्श्वभूमीतल्या जागा माणूस जितक्या अंतरावर उभा आहे तितक्याच अंतरावरच्या हव्यात. पायाशी असलेल्या दगडाची फट आणि मागच्या डोंगराची सावली यांचं काळं एकसारखं नसतं. जितकं लांब, तितकं ते फिकट. उजळ टोकासाठी आकाश घेऊ नका, प्रकाश तिथूनच येतोय. पांढरा दगड, पांढरी पाटी असं काहीतरी शोधा. ओल्या दगडावरची चकाकीही नको.

समजा दगडाच्या फटीत लाल 44, हिरवा 50, निळा 58 असे आकडे आले, आणि केसांत 9, 8, 8. पांढऱ्या दगडावर 208, 212, 216 आणि शर्टावर 246, 244, 241.

आता माणसाच्या लेयरवर लेव्हल्सचा ॲडजस्टमेंट लेयर टाका आणि Ctrl+Alt+G ने तो फक्त त्या लेयरला क्लिप करा. हिस्टोग्रामखालचे तीन स्लायडर इथे उपयोगाचे नाहीत: त्यातला काळा आत सरकवला की काळं आणखी काळं होतं. आपल्याला उलटं हवंय, म्हणून अगदी खालची आउटपुट लेव्हल्सची पट्टी. (मी स्वतः बरीच वर्षं ती पट्टी शोभेची समजत होतो.) वरच्या यादीतून एकेक चॅनेल निवडा. लाल चॅनेलमध्ये आउटपुटचा काळा 38 आणि पांढरा 214 ठेवला की केस साधारण 44 वर आणि शर्ट 208 वर येतो. थेट 44 टाकायचं नाही, कारण केस मुळात शून्यावर नव्हते, नऊवर होते. हिरव्यासाठी 45 आणि 220, निळ्यासाठी 53 आणि 225. आकडे पाठ करायची गरज नाही. स्लायडर हलवताना इन्फो पॅनेलमध्ये आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी-शेजारी दिसतो, तो जुळेपर्यंत सरकवा.

तिन्ही चॅनेल वेगळे घेतल्यामुळे सावल्यांत धुक्याची निळसर छटा आपोआप उतरते. एकत्र RGB वर केलं असतं तर सावल्या राखाडी झाल्या असत्या आणि निळ्या दगडाशेजारी त्या तपकिरी वाटल्या असत्या.

टोकं जुळली, आता मधला भाग. चेहऱ्याची उन्हाकडची बाजू अजून फार उजळ आणि दुसरी फार गडद असेल. लेव्हल्सच्या वर कर्व्ह्जचा लेयर क्लिप करा, टोकांना हात न लावता सावलीकडचा बिंदू थोडा वर आणि उजेडाकडचा थोडा खाली घ्या. रेषा मध्ये जितकी आडवी होईल तितका मधला कॉन्ट्रास्ट कमी. रंग जास्तच बदलायला लागले तर त्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा. मात्र नाकाची धारदार सावली गालावर पडली असेल तर कर्व्ह ती फिकट करेल, मऊ करणार नाही. ती हाताने रंगवून मोडावी लागेल, किंवा ढगाळ प्रकाशातला दुसरा फोटो घ्यावा. मी असतो तर दुसरा फोटो शोधला असता.

तपासायला सगळ्यांत वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवा. रंग गेले की माणूस जास्त ठळक आहे का ते लगेच कळतं. तो बंद करून Ctrl+3, 4, 5 ने एकेक चॅनेल बघा. लाल आणि हिरव्यात माणूस मिसळतोय पण निळ्यात काळा भोक पडल्यासारखा दिसतोय, तर निळ्याचा आउटपुट काळा कमी पडलाय.

पायाखालची सावली शुद्ध काळ्या ब्रशने रंगवली असेल तर आधी ती बदला. दगडाच्या त्याच फटीतला रंग उचला आणि त्याने रंगवा.

उलट प्रकार, म्हणजे मळकट-धुरकट माणूस कडक उन्हातल्या पार्श्वभूमीवर, असेल तर मात्र वरचे इनपुट स्लायडर आत घ्यायचे. त्यात आकडे ताणले जातात, आणि आठ बिटच्या जेपीजीत गुळगुळीत भागांवर पट्टे उमटू शकतात. म्हणून शक्य असेल तर रॉ फाइलपासून सोळा बिटमध्ये सुरुवात करा.