फोनवरची तारीख कायद्याच्या उपयोगाची नाही

प्रश्न : मी डिझाइनची कामे करते. एका कंपनीची वेष्टने तयार करून 1 एप्रिल 2024 रोजी सुपूर्त केली आणि त्याच दिवशी 1,80,000 रुपयांचे बिल पाठवले. तीस दिवसांत पैसे देण्याचे त्यांनी ईमेलने मान्य केले होते. तेव्हापासून फोन केला की 'पुढच्या आठवड्यात नक्की' एवढेच ऐकते. माझी उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची आहे. संबंध न बिघडवता, पण ठामपणे पत्र कसे लिहावे?

उत्तर : पत्राचा सूर सौम्य असावा की कडक, याची चिंता तुम्ही जरा बाजूला ठेवावी, कारण कायद्याच्या दृष्टीने पत्राची किंमत सुरावरून ठरत नाही, त्या पत्राला समोरून कोणते उत्तर येते आणि ते लेखी येते की नाही, यावरून ठरते. मुदत कायदा, 1963 प्रमाणे अशा रकमेसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि तुमच्या बाबतीत ती रक्कम देय झाल्यापासून, म्हणजे 1 मे 2024 पासून मोजली जाईल. तुम्ही कितीही स्मरणपत्रे पाठवलीत तरी ही मुदत एका दिवसानेही पुढे जात नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. फोनवर दिलेल्या आश्वासनांनीही ती पुढे जात नाही.

मात्र मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने स्वतः किंवा त्याच्या अधिकृत माणसाने सहीनिशी लेखी देणे कबूल केले, तर कलम 18 प्रमाणे त्या दिवसापासून नव्याने तीन वर्षे मिळतात. या कलमाची खुबी अशी, की कबुलीत नेमकी रक्कम नसली किंवा 'पैसे देण्याची वेळ अजून आलेली नाही' असे म्हटलेले असले, तरीही ती कबुली ठरू शकते. म्हणजे 'आमच्या पार्टीकडून पैसे आले की तुमचे बिल देतो' हे वाक्य फोनवर ऐकले तर त्याने मुदत हलत नाही, पण तेच वाक्य मालकाच्या किंवा हिशेब खात्याच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाने ईमेलवर आले, तर तुमच्या हाती चांगला पुरावा येतो. ईमेलवरची अशी कबुली न्यायालयांनी ग्राह्य धरलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशाबाबत सहीचा वाद अधिक निघतो, म्हणून पत्र ईमेलने पाठवावे आणि उत्तरही ईमेलनेच मागावे.

टाळण्यासारखी एक सवय इथे सांगतो. आपल्याकडे सौजन्य म्हणून 'आपल्या सवडीने द्यावे' किंवा 'शक्य होईल तेव्हा बघावे' असे सहज लिहिले जाते. उद्या तंटा झाला तर हेच वाक्य दाखवून 'मुदत तुम्हीच वाढवून दिली होती' असे म्हणता येते. सौजन्य नमस्कारात आणि शेवटच्या ओळीत दाखवावे, रकमेच्या आणि तारखेच्या वाक्यात नव्हे.

पत्राचा मजकूर मी पुढीलप्रमाणे सुचवीन :

'सप्रेम नमस्कार. आपल्या मागणीप्रमाणे वेष्टनांची डिझाइन्स 1 एप्रिल 2024 रोजी आपणांस सुपूर्त केली व त्याच दिवशी 1,80,000 रुपयांचे बिल पाठवले. आपण ईमेलने मान्य केल्याप्रमाणे ही रक्कम 1 मे 2024 पर्यंत मिळावयास हवी होती; ती अद्याप येणे आहे. कामाबद्दल वा रकमेबद्दल आपली कोणतीही लेखी हरकत मजकडे आलेली नाही. आपल्या हिशेबात बाकी वेगळी दिसत असल्यास ती किती, आणि तसे नसल्यास ही बाकी बरोबर असल्याचे व ती कोणत्या तारखेस अदा होईल हे, या पत्रापासून दहा दिवसांत ईमेलने कळवावे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 च्या कलम 16 प्रमाणे विलंबाचे व्याज मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवीत आहे. आपल्याबरोबर पुढेही काम करण्याची इच्छा असल्याने हा विषय आपसांतच मिटावा, अशी अपेक्षा आहे.'

या मजकुरातील महत्त्वाचे वाक्य पैशांच्या मागणीचे नसून बाकीच्या खातरजमेचे आहे. हिशेब खात्यांना अशा बॅलन्स कन्फर्मेशनची सवय असते, त्यामुळे त्यात कोणाला धमकी वाटत नाही आणि उत्तर येण्याची शक्यता वाढते. उत्तर न आल्यास ते मौन म्हणजे कबुली नव्हे. प्रत्येक फोननंतर 'आज आपण अमुक तारीख दिलीत' असा ईमेल अवश्य पाठवावा; त्याने घटनाक्रम सिद्ध करण्यास मदत होईल, पण तो तुमचा स्वतःचा कागद असल्याने मुदत मात्र वाढणार नाही.

व्याजाचे वाक्य तुमच्यासाठी नुसते शोभेचे नाही. वरील कायद्याप्रमाणे ठरलेल्या तारखेनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. मे 2024 मध्ये बँक रेट 6.75 टक्के होता. म्हणजे वार्षिक 20.25 टक्के, आणि तुमच्या रकमेवर पहिल्याच महिन्याचे सुमारे 3,037 रुपये. पुढे बँक रेट बदलत गेला आहे, त्यामुळे पत्रात आकडा न घालता कलमाचा उल्लेख पुरे. नोंदणी कामाच्या आधीची असल्याने तुमची बाजू भक्कम आहे. नंतर नोंदणी करणाऱ्यांबाबत मोठा वाद आहे. ज्यांची नोंदणीच नाही आणि ज्यांनी देयतेची तारीख लेखी ठरवलेली नाही, त्यांनी तर पत्रात व्याजाची मागणी स्पष्ट केलीच पाहिजे, कारण व्याज कायदा, 1978 प्रमाणे न्यायालय त्यांना व्याज देते ते अशा लेखी सूचनेच्या तारखेपासून.

तुमच्या आयकराच्या फॉर्म 26एएसमध्ये त्या कंपनीने या बिलावर टीडीएस कापल्याची नोंद आहे का, हेही पाहावे. बिल त्यांनी आपल्या हिशेबात घेतले होते हे त्यावरून दाखवता येते. मात्र त्या नोंदीला मुदत वाढवणारी कबुली समजून स्वस्थ बसू नये.

दहा दिवसांत उत्तर आले नाही, किंवा त्यांनी दिलेली तारीख टळली, तर दुसरे स्मरणपत्र लिहीत बसण्याऐवजी वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि त्यानंतर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करावा. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर लवाद. मागणीचा ईमेल, काम सुपूर्त केल्याचा ईमेल आणि बिल ही तीन कागदपत्रे त्यासाठी आत्ताच एकत्र करून ठेवावीत. फौजदारी तक्रारीची धमकी पत्रात अजिबात घालू नये. केवळ पैसे थकवणे हा फसवणुकीचा गुन्हा होत नाही आणि अशा धमकीने तुमचेच पत्र दुबळे होते.

पत्रानंतर बरेचदा काही रक्कम देऊ केली जाते. ती जरूर घ्यावी, पण पोच देताना 'येणे रकमेपैकी' असे लिहावे आणि ही रक्कम कोणत्या बिलापोटी दिली, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे, कारण लेखी नोंद असलेल्या अंशतः भरण्यानेही मुदत कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत नव्याने सुरू होते. 'पूर्ण व अंतिम हिशेब' असे लिहिलेल्या कागदावर मात्र उरलेली रक्कम हाती येईपर्यंत सही करू नये.