बोलबनाव, आणि ‘आले ना’मधला ‘ना’

प्रश्न: ठुमरीबद्दल वाचताना ‘बोलबनाव’ हा शब्द सारखा येतो. मराठीत बनाव म्हणजे खोटा देखावा, मग हा कसला बनाव? दुसरं म्हणजे, मी वाट पाहण्यावर ठुमरीच्या वळणाची एक ओळ लिहिली आहे: ‘अजून परतले नाहीत माझे प्रियकर’. गाणारी मैत्रीण म्हणते, ‘यात बनवायला जागाच नाही.’ म्हणजे नेमकं काय नाही?

उत्तर:

आपला ‘बनाव’ वाईट संगतीत वाढला. ‘अपघाताचा बनाव रचला’ असं वाचून वाचून तो शब्द पोलिसांच्या ताब्यात गेल्यासारखा झालाय. हिंदीत त्याची सोबत ‘सिंगार’शी आहे: बनाव-सिंगार म्हणजे नटणं, सजणं. गुजरातीत तर बनाव म्हणजे नुसती घडलेली घटना. मराठीतही ‘त्या दोघांचं बनत नाही’ म्हणतो तेव्हा खोटेपणाचा संबंध नसतो, जुळण्याचा असतो. बोलबनावातला बनाव हा हिंदीकडचा. बोल म्हणजे गीताचे शब्द आणि ते ‘बनवायचे’ म्हणजे एकच शब्द वेगवेगळ्या स्वरांनी, वेगवेगळ्या ठिकाणी तोडून-जोडून असा म्हणायचा की दर वेळी त्याला वेगळा अर्थ चढेल.

याचा जोडीदार शब्द ‘बोलबांट’. बांट म्हणजे वाटणी; आपलं ‘वाटणे’ त्याचंच भावंड. शब्द तालाच्या मात्रांवर चपखल वाटून टाकायचे, लयीशी खेळायचं, ती बोलबांटची ठुमरी. ती लखनौकडची, मध्य किंवा द्रुत लयीतली आणि कथकाच्या जवळची. ठाय म्हणजे संथ लयीत, शब्दाला कुरवाळत जाणारी बोलबनावाची ठुमरी पुढे बनारसने आपलीशी केली. (ठुमरीतली ‘बाट’ मात्र निराळी. ‘बाट तकना’मधली बाट म्हणजे आपली ‘वाट पाहणे’मधली वाट. हिंदीत बांट आणि बाट एका अनुस्वाराने वेगळे राहिले, मराठीत दोन्हींचा ‘वाट’ झाला.)

आता तुमची ओळ. आधी एक गंमत सांगून टाकतो, रागावू नका. ‘परतले’ आणि ‘माझे’ हे तुम्ही आदरार्थी लिहिलंय, पण ‘प्रियकर’ शब्दाचं अनेकवचनही ‘प्रियकर’च होतं. त्यामुळे बाई एकाची नव्हे, तीन-चार जणांची वाट पाहते आहे असंही वाचता येतं. ठुमरीच्या नायिकेवर एवढा भार नको.

मैत्रीण ‘जागा’ म्हणते त्या दोन गोष्टी आहेत. एक कानाची. ‘नाहीत’ हा शब्द त् वर आपटून बंद होतो, ‘प्रियकर’ र् वर, ‘अजून’ न् वर. मराठीत शेवटचा अ आपण उच्चारत नाही, आणि व्यंजनावर स्वर लांबवता येत नाही. गाणारीला मग ‘प्रियक-अ-अ-र’ असं करावं लागतं, ते कानाला बरं वाटत नाही. ब्रज आणि अवधीत मोरी, तोरे, पिया, नाही, आए असे उघड्या दीर्घ स्वरांवर संपणारे शब्द भरपूर आहेत, म्हणून तिथे हे आपोआप साधतं. मराठीत ते शोधून घ्यावं लागतं.

दुसरी जागा अर्थाची, आणि खरी अडचण तिथेच आहे. तुमच्या ओळीत कोण, कोणाचा, काय केलं नाही, हे सगळं सांगून झालंय. ते निवेदन झालं. कोणत्याही शब्दावर जोर दिला तरी अर्थ जागचा फारसा हलत नाही. ठुमरीची ओळ थोडी अर्धवट हवी, म्हणजे उरलेली गाणारी पुरी करेल.

मी एक ओळ सुचवतो, तिच्यावरच पुढचं सगळं दाखवतो:

सांज आली घरी आले ना

कोण आले ना, ते सांगितलेलं नाही. मराठी क्रियापद ते स्वतःच सांगतं: ‘आली’ ती सांज, ‘आले’ ते. नवऱ्याचं नाव न घेता ‘हे’, ‘ते’ म्हणणाऱ्या बायकांच्या भाषेत तर कर्ता गाळणं हीच रीत होती. मध्ये ‘घरी’ ठेवलंय, ते दोन्हीकडे लागतं. ‘सांज आली घरी’ म्हणून थांबलं तर सांज तेवढी घरी पोचली, ते नाहीत. ‘सांज आली’ म्हणून श्वास घेतला आणि ‘घरी आले ना’ म्हटलं तर सल वेगळा: आले असतील कुठेतरी, घरी नाहीत. शब्द तेच, विराम एक शब्द अलीकडे सरकला आणि विरहाच्या जागी संशय आला.

आणि शेवटचा ‘ना’. मराठीची ही मोठी मिळकत आहे. ‘आले ना’ हे कवितेच्या भाषेत ‘आले नाहीत’. तेच बोलण्यात, स्वर वर नेला की ‘आले ना?’ म्हणजे आलेत असं म्हणा, मला धीर द्या. आणि खाली टेकवून आनंदाने म्हटलं तर ‘आले ना!’, म्हणजे बघा, आले की नाही. नकार, विनवणी आणि होकार, तिन्ही एका अक्षरात. ‘येईना’ हे रूप मोहात पाडणारं आहे, पण त्यातला ना क्रियापदाला चिकटलेला असल्याने तो नकाराशिवाय दुसरं काही होत नाही.

आता ती गायची कशी. ताल दीपचंदी घेऊ: 14 मात्रा, 3-4-3-4 अशी विभागणी, पहिलीवर सम म्हणजे जिथे येऊन टेकायचं ती जोराची मात्रा, आठवीवर खाली म्हणजे बिनजोराची. मुखडा, म्हणजे फिरून फिरून यायची ही ओळ, खालीपासून उचलायचा. आठवीवर ‘सां’ धरून दहावीपर्यंत ‘सांज’, 11 आणि 12 वर ‘आली’, 13 आणि 14 वर ‘घरी’. समेवर ‘आले’चा ‘आ’, तिसरीवर ‘ले’, चौथीवर ‘ना’. पुढे सातवीपर्यंत ‘ना’ मोकळाच आहे. समेवर उघडा ‘आ’ आणि त्यानंतर मोकळा ‘ना’, हीच मैत्रीण मागत होती ती जागा. राग पिलू किंवा खमाज घ्यावा. अशा रागांत शुद्ध-कोमल स्वरांची ये-जा खपते, त्यामुळे तोच शब्द एकदा कोवळा, एकदा कडवट म्हणता येतो.

पहिल्यांदा ओळ सरळ म्हणायची, काहीही न बनवता. हे पुष्कळांना जमत नाही. ऐकणाऱ्याने मूळ ओळ ऐकलीच नसेल तर ती बदलली हे त्याला कळणार कसं? नंतर फक्त ‘सांज आली’ घ्यायचं, दोन-तीनदा, प्रसन्न स्वरात. दिवा लावलाय, केस विंचरलेत, येतीलच आता. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी ही वासकसज्जा, प्रियकर येणार म्हणून नटून बसलेली. त्यानंतर ‘सांज आली… सांज आली…’ हेच शब्द, पण दुसरी ‘आली’ जरा उतरलेली. इतक्यात उशीर झालाय. ही विरहोत्कंठिता. शब्द एकही बदललेला नाही.

मग ‘आले’. ‘घरी आले…’ म्हणून वर षड्जावर जाऊन थांबायचं. क्षणभर ऐकणाऱ्यालाही वाटलं पाहिजे की दार वाजलं. आणि मग खाली उतरत एकटा ‘ना’. कोणी सख्खी मैत्रीण समोर बसल्यासारखा ‘आले ना?’ असा प्रश्न करेल, कोणी ‘ना, ना, आले ना’ असं मान हलवत. शेवटी ‘घरी’वर जोर आला की संकेत मोडला गेल्याची खात्री झालेली विप्रलब्धा उभी राहते. दर वेळी परत मुखड्यावर येऊन सम गाठायचीच. ठेका सोडून कितीही फिरलात तरी ‘आ’ समेवर पडला नाही तर सगळं विस्कटतं. अखेरीला तबलजी लग्गी, म्हणजे जलद खेळकर बोल, सुरू करतो, लय दुप्पट होते, तेव्हा बनवणं थांबवून नुसता मुखडा म्हणत राहायचं आणि मग मूळ ठेक्यात परतायचं.

चुकतं कुठे, तेही ऐकून ठेवा. ‘सांज’चा स्वर ‘सां’वर लांबवायचा, ज नुसता टेकवायचा. आणि तो ज मराठीच, ‘जहाज’मधला. संध्याचा प्राकृतात संझा झाला, हिंदीत सांझ राहिला, आपल्याकडे त्यातला हकार गळून सांज उरला. हिंदी ठुमऱ्या गाऊन सवय झालेल्या गळ्यातून इथेही ‘सांझ’ येतो आणि ओळ उगाच परकी वाटते. दुसरं, शब्द कुठेही तोडू नये. ‘आ’ लांबवून ‘ले’ म्हणणं चालतं, कारण कान ‘ले’ची वाट पाहत राहतो. पण ‘घ’ म्हणून श्वास घेतला तर पुढे नुसता ‘री’ लोंबकळतो. आणि दर आवर्तनाला नवा भाव दाखवायची घाई केली की ऐकणाऱ्याला नायिका दिसेनाशी होते, फक्त गाणारीची हुशारी दिसते. तेव्हा मात्र तो तुमच्या मराठी अर्थाचा बनाव होतो.

अंतरा छोटा असावा. त्याने नवी हकीकत सांगू नये, मुखड्याला नवं कारण द्यावं. मी असा करेन:

दार उघडे, वात सरे
पाऊल वाजे, वाराच ना

इथला ‘ना’ नकाराचा नाही. ‘वाराच आहे ना तो?’ असा स्वतःलाच विचारलेला आहे. त्यामुळे इथून वळून ‘आले ना’वर यावं, तर तोही काही क्षण प्रश्नच वाटतो.

मैत्रिणीला ओळ लिहून देताना मधे स्वल्पविराम घालू नका. तो ‘घरी’च्या आधी टाकायचा की नंतर, ते तिचं तिला ठरवू द्या.