‘आउंके सेआ मी एर्मानो’ इंग्रजीत कसं न्यायचं?

प्रश्न: ‘आउंके सेआ मी एर्मानो, नो ले बोय आ प्रेस्तार दिनेरो’ या ‘भाऊ असला तरी मी त्याला पैसे उसने देणार नाही’ अशा अर्थाच्या स्पॅनिश वाक्याचं इंग्रजी मी ‘ईव्हन इफ ही इज माय ब्रदर…’ असं केलं, ते चुकीचं ठरवलं गेलं. ‘सेआ’ हे क्रियापदाचं सबजंक्टिव रूप, आणि सबजंक्टिव म्हणजे शंका, असंच शिकलो होतो. मग चुकलं कुठे?

हा भाऊ सख्खा आहे आणि ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही माहीत आहे. तुमच्या वाक्यात शंका कुठेच नाही. ‘ईव्हन इफ’ वाचणाऱ्या इंग्रजी वाचकाला मात्र सहज वाटू शकतं, की हा भाऊ आहे की नाही हेच अजून नक्की नाही.

‘आउंके’ म्हणजे ‘जरी’. त्याच्यापुढे स्पॅनिशमध्ये क्रियापदाची दोन्ही रूपं चालतात, साधं आणि सबजंक्टिव. ‘आउंके एस मी एर्मानो’ असं साधं रूप वापरलं, तर बोलणारी ती गोष्ट माहिती म्हणून सांगते आहे. ऐकणाऱ्याला कदाचित पहिल्यांदाच कळतंय. ‘सेआ’ वापरलं की ती माहिती सांगत नाही, नुसती बाजूला सारते. मग ती गोष्ट अजून घडायची असेल, किंवा घडलेली आणि सगळ्यांना ठाऊक असलेलीही असेल. शंका हा त्यातला एक प्रकार झाला, सगळा अर्थ नव्हे.

तुमच्या वाक्याच्या आधी काय असेल ते डोळ्यांसमोर आणा. आई म्हणते, ‘अगं, पण तो तुझा भाऊ आहे!’ त्यावर मुलगी म्हणते, ‘आउंके सेआ मी एर्मानो…’ भावाचा मुद्दा आईने आधीच काढलाय, मुलगी तो उचलून दूर ठेवते. मराठीत आपण इथे म्हणू, ‘भाऊ असला म्हणून काय झालं? मी त्याला पैसे उसने देणार नाही.’ हा झटका इंग्रजीत आणायचा तर ‘ही मे बी माय ब्रदर, बट आय अ‍ॅम नॉट लेंडिंग हिम एनी मनी’ हे मला सगळ्यात सहज वाटतं. यातला ‘मे’ शक्यतेचा नाही, ‘असेल बापडा’ म्हणतो तसा मान्य करून सोडून देणारा आहे. आवाज जास्त चढला असेल, तर ‘आय डोन्ट केअर इफ ही इज माय ब्रदर’ही चालेल. सबजंक्टिवला जोडीचं क्रियापद इंग्रजीत शोधत बसू नका. तो झटका कधी ‘बट’वर पडतो, कधी अख्ख्या वाक्यावर.

म्हणून भाषांतराआधी मी एकच पाहते: ही गोष्ट संभाषणात आधी कुणी काढली आहे का, किंवा समोर दिसतेच आहे का? सोमवारी कुणी येत्या रविवारच्या सहलीबद्दल ‘आउंके युएवा’ म्हणालं, तर पाऊस अजून पडायचाय. तिथे ‘ईव्हन इफ इट रेन्स’ अगदी बरोबर. तेच शब्द खिडकीबाहेरच्या धो धो पावसाकडे बघत म्हटले, तर ‘रेन ऑर नो रेन, आय अ‍ॅम गोइंग आउट’. क्रियापदाचं रूप तेच, फरक सगळा खिडकीबाहेर.

मराठी माणसाला हे कळायला सोपं जावं, कारण आपल्याकडेही तीन पायऱ्या आहेत. ‘भाऊ आहे, तरी…’ म्हणजे माहिती दिली. ‘भाऊ असला तरी…’ म्हणजे असो वा नसो, किंवा आहे पण त्याचं काय. आणि ‘भाऊ असता तरी…’ म्हणजे तो भाऊ नाहीच. तिसरीला स्पॅनिशमध्ये ‘आउंके फुएरा’ आणि इंग्रजीत ‘ईव्हन इफ ही वेअर माय ब्रदर’. जोड्या तंतोतंत मात्र धरू नका. ‘दर उतरले असले तरी मागणी कमी आहे’ अशा बातमीतल्या वाक्यात आपला ‘असले तरी’ सरळ माहिती देतो, तिथे स्पॅनिशमध्ये साधं रूपही सहज येईल.

‘फुएरा’पाशी तर फार जपा. गोष्ट भूतकाळात सांगितली जात असेल, तर ‘सेआ’चंच ‘फुएरा’ होतं. ‘आउंके फुएरा सु एर्मानो, नो ले प्रेस्तो दिनेरो’ यात तो खराखुरा भाऊ असू शकतो. इथे ‘वेअर’ घातलं, तर इंग्रजी वाचक त्याला परका ठरवून पुढे जाईल आणि चार पानांनी गोंधळेल. ‘ब्रदर ऑर नो ब्रदर, शी लेंट हिम नथिंग’ म्हटलं की नातं शाबूत राहतं.

फ्रेंचही शिकत असाल, तर हा आडाखा तिथे लावू नका. ‘जरी’साठीच्या ‘ब्यँ क’ पुढे प्रमाण फ्रेंचमध्ये सबजंक्टिव नियमानेच येतो, बोलणाऱ्याला निवड नसते. ‘ब्यँ किल स्वा मों फ्रेर’चं इंग्रजी साधं ‘ऑल्दो ही इज माय ब्रदर’. आणि ‘ईव्हन इफ’साठी फ्रेंच ‘मेम सी’ घेते, त्याच्यापुढे साधंच रूप येतं. म्हणजे स्पॅनिशमध्ये क्रियापद जे काम करतं, ते फ्रेंचमध्ये ‘जरी’साठी कुठला शब्द निवडला त्यावरून कळतं.